मसूदीने पाहिलेले चौल
मध्ययुगीन मुसलमान प्रवासी आणि भूगोलकार : लेखांक चौथा

गेल्या लेखांकात ज्या इब्न खुर्दाजबिहच्या ग्रंथाचा परामर्श आपण घेतला, तो गृहस्थ खिलाफतीच्या डाकखात्यातील अधिकारी होता. मजला आणि अंतरे यांची दफ्तरे त्याच्या हाताखाली होती, आणि पूर्वसमुद्राची माहिती त्याने दर्यावर्दी लोकांकडून मिळविलेली होती. संजाणच्या मुलखात साग आणि बांबू होतो एवढे त्याने नमूद केले आहे, परंतु तो साग ज्या खाडीत तराफ्यांनी उतरे ती खाडी त्याने पाहिलेली नव्हती. आज ज्याच्याविषयी लिहावयाचे तो अबुल हसन अली अल्-मसूदी मात्र स्वतः कोकणच्या किनाऱ्यावर उतरला होता, आणि म्हणून त्याच्या वृत्तांताची परीक्षा निराळ्या रीतीने करावी लागते.

मसूदी हा मूळचा बगदादचा. ऐन तारुण्यात तो घराबाहेर पडला आणि मुलतान, मनसुरा, खंबायत असा उतरत उतरत हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, चौलास येऊन पोहोचला. आपल्या ‘मुरूज अज्-जहब’ या ग्रंथात तो या बंदराला सैमूर म्हणतो. अरबी लिपीत ‘च’ नाही आणि ‘प’ही नाही, त्यामुळे शिलालेखांतील चेमूल्य हे सैमूर झाले आणि शूर्पारक किंवा सोपारा हे सुबारा झाले. ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे या ग्रंथांतील स्थलनामांचा उलगडा पुष्कळसा सुकर होतो. कुंडलिका नदीच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्यालगत, नारळीपोफळीच्या आगरांत वसलेले ते चौल त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या बंदरांपैकी एक होते.

मसूदीचे त्या गावासंबंधीचे कथन थोडके, पण इतके नेमके आहे की, एखाद्या अव्वल कारकुनाने केलेल्या नोंदीसारखे ते वाटते. तो सांगतो की, हे बंदर ‘बल्हरा’च्या, म्हणजे वल्लभराज ही पदवी धारण करणाऱ्या राष्ट्रकूट सम्राटाच्या, अंमलाखाली आहे, तेथील स्थानिक राजाचे नाव ‘जंज’ आहे, आणि गावात सुमारे दहा हजार मुसलमान नांदतात. हे लोक कोण, तेही त्याने सांगून ठेवले आहे: कोणी इराणच्या किनाऱ्यावरील सिराफचे, कोणी उमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे, आणि यांखेरीज एक वर्ग ‘बयासिरा’ या नावाचा, म्हणजे मुसलमान बापांच्या पोटी याच भूमीत जन्मलेल्यांचा. मोसमी वाऱ्याबरोबर येणारे आणि वारा फिरताच परतणारे सौदागर असते तर ही शेवटची जात निर्माणच झाली नसती. ती होती यावरून त्या वस्तीला तेव्हाच निदान एकदोन पिढ्या उलटून गेल्या होत्या, हे उघड होते.

या वस्तीचा कारभार कसा चाले, हे त्याने टिपले नसते तर आपल्याला कळण्याचे दुसरे साधन फारसे नव्हते. मुसलमानांच्या आपसांतील तंट्यांचा निवाडा करण्यासाठी त्यांच्यातीलच एका प्रतिष्ठित गृहस्थाला राजा ‘हुनरमन’ या हुद्द्यावर नेमीत असे. मसूदी आला त्या वेळी तो हुद्दा अबू सईद मारूफ बिन जकरिया याच्याकडे होता. पुढे दहाव्या शतकाच्या मध्यास दर्यावर्दींच्या आश्चर्यकथा संग्रहित करणारा बुजुर्ग बिन शहरियार हाही चौलच्या एका हुनरमनाचा उल्लेख करतो, आणि तो सिराफचा अब्बास बिन माहान होता असे सांगतो. दोन निरनिराळ्या लेखकांनी, दोन निरनिराळ्या माणसांच्या नावांनिशी, एकाच बंदरातील एकच हुद्दा सांगावा, याला मी बळकट पुरावा समजतो. परदेशी सौदागरांच्या जमातीला तिच्या धर्माप्रमाणे न्याय मिळण्याची व्यवस्था कोकणच्या राजांनी करून दिली होती, आणि ती देताना नेमणुकीचा अधिकार त्यांनी आपल्या हाती राखून ठेवला होता.

आता त्या ‘जंज’ राजाकडे वळू. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यात झंझ नावाचा राजा होऊन गेला, त्याने शंकराची बारा देवालये बांधली, असे त्याच्या वंशजांच्या ताम्रपटांत सांगितलेले आहे. परंतु तो नेमका केव्हा होऊन गेला हे ते ताम्रपट सांगत नाहीत, कारण वंशावळीत नावे येतात, साले येत नाहीत. ती उणीव मसूदीने भरून काढली. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या पंडितांनी शिलाहारांचा कालानुक्रम लावताना या अरबी नोंदीचा आधार घेतला आहे. देवालये बांधणाऱ्या एका शैव राजाचा काळ एका मुसलमान प्रवाशाच्या वहीतून ठरावा, ही या विषयाच्या अभ्यासकाला मोठे समाधान देणारी गोष्ट आहे.

परंतु प्रवाशाच्या तोंडच्या एवढ्या मोठ्या संख्येवर आणि एवढ्या अनुकूल वर्णनावर विश्वास ठेवावा काय? दहा हजार हा आकडा खानेसुमारीतला नव्हे, अंदाजाचा आहे, आणि तसाच तो घ्यावा. मात्र राष्ट्रकूट राज्यात मुसलमानांना मान होता, या मसूदीच्या विधानाला डहाणू तालुक्यातील चिंचणी गावी सापडलेल्या ताम्रपटाने अनपेक्षित पुष्टी दिली आहे. शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, मसूदीच्या भेटीनंतर अवघ्या दहा वर्षांचा हा संस्कृत लेख राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या कारकीर्दीतला आहे. त्यात सांगितले आहे की, संयान मंडळाचा, म्हणजे संजाणच्या सुभ्याचा, कारभार ‘ताजिक’ वंशाच्या मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता, आणि त्याला तो दुसऱ्या कृष्णराजाने बहाल केला होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती म्हणजे मुहंमद. या अधिकाऱ्याने किनाऱ्यावरील बंदरांच्या प्रमुखांना नमवून तेथे आपली माणसे नेमली. दोन प्रवाहांवर लोकांसाठी विनामूल्य नावा ठेवल्या. आणि संजाणला एक अन्नसत्र घातले, जेथे साळीचा भात, कालवणे आणि तूप फुकट वाढले जाई. शिवाय हा ताम्रपट ज्या दानाचा आहे, ते दान भगवतीच्या एका मठिकेसाठी होते, आणि ते या मधुमतीच्या अनुमतीने दिले गेले. अरबी ग्रंथ आणि संस्कृत पट यांचे लेखक एकमेकांना ओळखत नव्हते. एकाला दुसऱ्याची नक्कल करण्याचे कारण नव्हते. तरी दोघांचे सांगणे जुळते.

बल्हरांच्या दीर्घायुष्याची गोष्टही अशीच पारखून घेण्याजोगी आहे. मसूदीच्या आधी, इसवी सन ८५१ मध्ये, सुलेमान सौदागराच्या नावावर असलेल्या वृत्तांतात असे म्हटले आहे की, या राजांपैकी कित्येक पन्नास-पन्नास वर्षे राज्य करतात, आणि अरबांवरील प्रेमामुळे त्यांना हे आयुष्य लाभते, अशी तेथील लोकांची समजूत आहे. कारण भाबडे आहे. पण वस्तुस्थिती खरी आहे. तो वृत्तांत लिहिला गेला तेव्हा पहिला अमोघवर्ष सिंहासनावर होता, आणि त्याने सुमारे चौसष्ट वर्षे राज्य केले. प्रवाशाने काय पाहिले आणि त्याचा अर्थ काय लावला, या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या म्हणजे त्याच्याकडून पुष्कळ शिकता येते.

चौलच्या बाजारातील एक दृश्य मसूदीने जवळून पाहिले. राजाची परवानगी घेऊन आत्मदहनास निघालेला एक तरुण वाद्यांच्या गजरात बाजारांतून फिरविला जात होता, त्याच्या मस्तकावर जळते निखारे ठेवलेले होते, आणि तो शांतपणे विडा चघळीत चालला होता. हे सांगता सांगता मसूदी विड्याकडेच वळतो. ओला चुना आणि सुपारी घालून हे पान चघळतात, त्याने हिरड्या बळकट होतात, तोंडाची दुर्गंधी जाते, दात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल होतात, आणि पांढरे दात या लोकांना आवडत नाहीत, असे सांगून तो म्हणतो की, मक्केत, हिजाजात आणि यमनातही आता पानसुपारीची चाल पडली आहे. कोकणच्या आगरातला माल अरबस्थानच्या बाजारात कसा रूढ झाला, याची याहून स्पष्ट साक्ष मला ठाऊक नाही.

किनारा सुटला की मात्र हीच लेखणी अडखळू लागते. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे गुलबर्ग्याजवळचे मळखेड, समुद्रापासून ऐंशी सिंधी फर्सख दूर आहे आणि प्रत्येक फर्सख आठ मैलांचा आहे, असे मसूदी लिहितो. म्हणजे हे अंतर सहाशे चाळीस अरबी मैल झाले. आजच्या हिशेबाने बाराशे किलोमीटरांच्या वर. प्रत्यक्षात चौलापासून मळखेड सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. घाटवाटांची वळणे जमेस धरली तरी हा फरक मिटत नाही. यात मसूदीची लबाडी नाही. तो सह्याद्री चढून वर गेल्याचे त्याच्या ग्रंथात कोठे दिसत नाही. जो माल घाट उतरून बंदरात येई, त्याच्याबरोबर येणाऱ्या माणसांच्या तोंडून त्याला ही माहिती मिळाली असावी, आणि ओझ्याच्या बैलाने चालणारा मनुष्य अंतर कोसांपेक्षा मुक्कामांनी मोजतो. बंदरातली गोष्ट पाहिलेली, घाटावरची गोष्ट ऐकलेली, एवढा भेद करूनच हे ग्रंथ वाचावेत.

भिलाईच्या वाचकाला येथे साहजिकच वाटेल की, समुद्रापासून एवढ्या दूर असलेल्या आपल्या प्रदेशाची वार्ता या लोकांना कितपत होती. मसूदीकडे तिची अपेक्षा करू नये. तिच्या जवळपास पोहोचतो तो सुमारे शंभर वर्षांनंतरचा अल्-बिरुनी, आणि तोही समुद्रमार्गाने नव्हे, तर उत्तरेकडील खुष्कीच्या वाटांनी मिळालेल्या माहितीवरून. इसवी सन १०३० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात त्याने धारेहून दक्षिणेस निघणारी वाट दिली आहे: नर्मदेवरचे नेमावर, मग अलिसपूर, म्हणजे वऱ्हाडातले आपले अचलपूर, आणि मग गोदावरी, दुसरी वाट महरट्ट देशातून कोकणात, त्याच्या राजधानीला, ठाण्याला जाते. त्याच प्रकरणात डाहल देश, त्याची राजधानी तिऔरी, म्हणजे जबलपूरजवळची त्रिपुरी, आणि तेथे सध्या गांगेय राज्य करतो, असे वाक्य येते. हा गांगेय म्हणजे कलचुरी सम्राट गांगेयदेव, बिरुनीचा समकालीन. त्याच कलचुरी वंशाच्या एका शाखेने त्या सुमारास दक्षिण कोसलात उतरून तुम्माण येथे, आजच्या कोरबा जिल्ह्यात, ठाणे दिले आणि पुढे रतनपूर वसविले. छत्तीसगडचा पुढचा कित्येक शतकांचा इतिहास या शाखेचाच आहे. बिरुनी त्रिपुरीपाशी थांबला. तुम्माणचे नाव त्याने घेतलेले नाही.

ज्या वाचकांना हे मूळ लेख पाहावयाचे असतील त्यांनी मिराशींनी संपादिलेले कलचुरी आणि शिलाहार लेखांचे दोन संग्रह अवश्य चाळावेत. पहिल्यात छत्तीसगडचे कित्येक ताम्रपट आणि शिलालेख आहेत, दुसऱ्यात कोकणचे. पुढील लेखांकात इब्न बतूताबरोबर दौलताबाद आणि नंदुरबार येथे जावयाचे आहे.