मुळशीचा धूर आडवा का पसरतो?

हवा समजून घेताना : भाग सहावा

डिसेंबरातल्या थंड, निवांत सकाळी पौड ओलांडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की मुळशी खोऱ्यात एक गोष्ट हमखास नजरेला पडते. चुलींचा धूर कौलांवरून जरासा वर चढतो, कुठेतरी अडतो आणि मग आडवा होऊन लांबच लांब पट्ट्यासारखा धरणाच्या पाण्यावर तरंगत राहतो. ऊन चांगलं तापलं की हाच पट्टा बघता बघता विरतो. धूर तोच आणि चूलही तीच, मग मधल्या दोन-तीन तासांत बदललं काय? याचं उत्तर दोन आकड्यांच्या तुलनेत आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती या दोन आकड्यांमध्येच.

पहिला आकडा वर चढणाऱ्या हवेचा. हवेचा एखादा पुंजका वर ढकलला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो फुगतो. फुगण्यासाठी त्याला भोवतीची हवा बाजूला सारावी लागते. या कामाला लागणारी ऊर्जा तो स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करतो, म्हणून थंड होतो. सायकलचा पंप मारताना नळी तापते, त्याच्या नेमकं उलट. बाहेरून उष्णता मिळाली नाही आणि आतल्या वाफेचं पाणी झालं नाही, तर हे थंड होणं ठरलेल्या मापानेच होतं. गुरुत्वीय त्वरण ९.८१ भागिले कोरड्या हवेची विशिष्ट उष्णता १००४, म्हणजे मीटरला ०.००९८ अंश. किलोमीटरमागे ९.८ अंश सेल्सिअस. यालाच ड्राय ॲडिएबॅटिक लॅप्स रेट म्हणतात. इथे त्याला नुसता 'कोरडा दर' म्हणू. मुळशी असो की मॉस्को, सकाळ असो की दुपार, हा दर बदलत नाही.

दुसरा आकडा भोवतीच्या हवेचा. खोऱ्यात, मध्ये आणि वर त्या घटकेला प्रत्यक्षात किती तापमान आहे, त्यावरून निघालेला हा 'भोवतीचा दर'. तो कुठल्याही सूत्रातून मिळत नाही, मोजावाच लागतो. पाठ्यपुस्तकातला किलोमीटरला ६.५ अंश हा आकडा ही केवळ एक ठरवलेली सरासरी आहे. परीक्षेत ती बिनदिक्कत वापरली जाते. खोऱ्यातली सकाळ मात्र तिला मुळीच जुमानत नाही.

आता गणित. मुळशी धरणाच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर आणि खोऱ्याच्या कडेचे डोंगर हजार मीटरच्या आसपास. समजा, सकाळी सात वाजता पाण्याजवळच्या गावात १२ अंश आहेत आणि ४०० मीटर उंचावरच्या माथ्यावर १५. (तापमानं उदाहरणासाठी घेतली आहेत, पण हिवाळ्यात अशी स्थिती अगदी साहजिक असते. रात्रभर जमीन उष्णता बाहेर टाकते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि ही जड हवा उतारावरून घसरत खोऱ्यात साचते.)

भोवतीचा दर काढू : १२ वजा १५, भागिले ०.४ किलोमीटर. उत्तर उणे ७.५ अंश प्रति किलोमीटर. उणे चिन्हाचा अर्थ असा, की वर जाताना तापमान घटण्याऐवजी वाढतं. हीच तापमानाची विपरीतता.

आता खालच्या १२ अंशांच्या हवेचा एक पुंजका मनातल्या मनात माथ्याच्या उंचीवर नेऊ. कोरड्या दराने तो ०.४ गुणिले ९.८, म्हणजे ३.९ अंशांनी थंड होईल. वर पोचेल तेव्हा ८.१ अंशांवर आलेला असेल, आणि भोवती हवा १५ अंशांची. जवळजवळ ७ अंशांनी गार म्हणून तितका जड. तो खाली येणारच. किती जोराने? फरक भागिले भोवतीचं केल्विनमधलं तापमान, गुणिले ९.८१ : ६.९ भागिले २८८ गुणिले ९.८१, म्हणजे सुमारे ०.२३ मीटर प्रति सेकंद वर्ग. ही हवा स्थिर आहे, आणि चांगलीच स्थिर आहे.

स्थिर म्हणजे निश्चल नव्हे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ढकललेला पुंजका मूळ जागी परततो, वेगामुळे थोडा खाली जातो, पुन्हा वर येतो. दोन दरांतला फरक १७.३ अंश प्रति किलोमीटर धरून हिशेब केला तर या हेलकाव्याला सव्वाचार मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. चुलीचा धूर सुरुवातीला भोवतीपेक्षा गरम असतो, म्हणून तो चढतो. पण थंड हवा मिसळत आणि फुगत लवकरच भोवतीच्या तापमानाला येतो आणि तिथेच अडतो.

हे कोंडाळं फुटणार कधी, तेही याच आकड्यांतून सांगता येतं. गावातली हवा ४०० मीटर चढून माथ्यावर १५ अंशांनी पोचायची, तर खालून निघताना ती १५ अधिक ३.९, म्हणजे १८.९ अंशांची हवी. माथ्यावरचं तापमान तोवर फारसं बदललं नाही असं धरलं, तर गावातला पारा १९च्या घरात गेला की खालपासून वरपर्यंत हवा घुसळायला लागेल आणि धुराचा पट्टा मोडेल. शाळेच्या आवारात सावलीत टांगलेल्या तापमापकानेही हा अंदाज तपासता येतो.

दुपारी चित्र पालटतं. घुसळलेल्या हवेत भोवतीचा दर ९.८च्या अगदी जवळ येतो, आणि ढकललेला पुंजका नेला तिथेच राहतो. भोवतीचा दर याहून जास्त झाला तर हवा अस्थिर, कारण मग वर गेलेला पुंजका भोवतीपेक्षा गरमच राहतो आणि चढतच जातो. पण ही अवस्था तापलेल्या जमिनीलगतच्या थोड्या थरातच टिकते, कारण अस्थिर हवा लगेच घुसळून स्वतःला सावरते. म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत ४०० मीटरांसाठी किलोमीटरला १३ अंश असं उत्तर आलं, तर निसर्गावर शंका घेण्याआधी तापमापक कुठे ठेवला होता ते पाहावं. बहुतेकदा खालचा उन्हात असतो, किंवा दोन नोंदींत तासाभराचं अंतर असतं. उलट चूकही होते : दुपारी माथ्यावरचे खडक तापलेले असतात, त्यामुळे तिथलं तापमान त्याच उंचीवरच्या मोकळ्या हवेपेक्षा जास्त भरतं आणि दर खोटाच कमी निघतो. खरा उभा छेद हवा तर फुगाच सोडावा लागतो. मुंबईत सांताक्रूझहून हवामान खातं असे फुगे सोडतं. पण तिथल्या खालच्या थरावर समुद्रवाऱ्याचा पगडा असतो, म्हणून तो छेद मुळशीला जसाच्या तसा लावता येत नाही.

कोरडा दर उतरणाऱ्या हवेलाही तितकाच लागू पडतो. मुळशीचं पाणी सह्याद्रीतून साधारण ५०० मीटर खाली रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजकेंद्रात उतरतं. पूर्वेच्या वाऱ्याने हवा त्याच उतारावरून खाली ढकलली, तर ती ४.९ अंशांनी तापेल. धरणाकाठी ३७ असेल तर भिऱ्याला ४२च्या आसपास. मार्च २०१७च्या अखेरीस भिऱ्यात ४६.५ अंशांची नोंद झाली आणि तिची बरीच चर्चा झाली. उतरण्याने येणारे पाच अंश एवढ्या मोठ्या आकड्याचा एक हिस्सा समजावतात, सगळा नाही. मुळात वरची हवाच किती तापलेली होती आणि डोंगरांनी वेढलेल्या त्या खोलगट जागेत उन्हाने किती भर घातली, हेही त्यात मिळवावं लागेल.

जुलैत मात्र यातलं काहीच सरळ चालत नाही. ताम्हिणीत चढणारी हवा थोड्याच उंचीवर संपृक्त होते, वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि पुंजका किलोमीटरला ९.८ऐवजी चार-पाच अंशांनीच थंड होतो. त्या ओल्या दराचं गणित पुढच्या आठवड्यात.