चौऱ्याऐंशी दिवसांचा हिशोब

कोरेगावच्या मावशीचा रिचार्ज संपत आला की माझ्या फोनवर एक फोटो येतो. बाजारपेठेतल्या रिचार्जच्या दुकानात भिंतीवर लावलेला दरांचा तक्ता, जरा तिरका, वर ट्यूबलाइटची चकाकी, आणि खाली मावशीचा आवाजी निरोप : "यातला कुठला मारू ते सांग. दुकानदार आठशे एकोणसाठचा म्हणतोय." असे फोटो आता घराघरांत फिरतात. मुलं पुण्या-मुंबईला, आईवडील गावाला, आणि मधे हा तक्ता. तो नीट वाचला तर वर्षाकाठी हजारेक रुपये वाचू शकतात. म्हणून मागच्या खेपेला मी तो कसा वाचला, ते इथे सविस्तर सांगतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दर बदलत राहतात, आणि हिशोब कुठल्याही कंपनीच्या तक्त्याला लागू पडतो.

तक्ता बघायच्या आधी मी मावशीला दोन आकडे विचारले. एक, महिन्याला डेटा किती जातो. दोन, सगळ्यात जास्त जातो त्या एका दिवशी किती जातो. पहिला आकडा फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराखाली सापडतो, फक्त वायफायचा नव्हे, मोबाइल डेटाचा बघायचा. मावशीचा निघाला ३० दिवसांत ३.८ जीबी. दुसऱ्या आकड्यासाठी तिने आठवडाभर रोज झोपताना सेटिंग उघडून आकडा बघितला आणि कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, लिहून ठेवला. सोमवार ते शनिवार रोज पन्नास एमबीच्या आसपास : नातेवाइकांच्या ग्रुपवरचे फोटो, एखादं भजन. रविवारी मात्र सहाशे. कारण रविवारी दुबईहून मुलाचा तासभर व्हिडिओ कॉल येतो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. "मला डेटा लागत नाही, फक्त बोलायला लागतं," असं मावशीच म्हणत होती. पण ॲपवरून केलेला कॉल हा डेटा असतो. तक्त्यातल्या 'अमर्याद कॉल'शी त्याचा संबंध नाही. ते अमर्याद कॉल देशातल्या नंबरांना साधा फोन लावण्यासाठी असतात. दुबईला लावलेला साधा फोन त्यात येत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी : "बँकेचा ओटीपी यायला हवा म्हणून एसएमएसवाला प्लॅन घे," असं बरेच जण सांगतात. ओटीपी आपल्याला येतो, आपण तो पाठवत नाही. तक्त्यातली एसएमएसची संख्या पाठवायच्या संदेशांची असते.

आता तक्ता. फोटोत मला या ओळी वाचता आल्या. १९९ रुपये, २८ दिवस, एकूण २ जीबी. २९९ रुपये, २८ दिवस, रोज १ जीबी. ५०९ रुपये, ८४ दिवस, एकूण ६ जीबी. ८५९ रुपये, ८४ दिवस, रोज १.५ जीबी. या सगळ्यांत कॉल अमर्याद. शिवाय ४६९ रुपयांत ८४ दिवस फक्त कॉल आणि एसएमएस, डेटा नाही. खाली वेगळ्या रंगाच्या पट्टीत २९ रुपयांत २ जीबी आणि ७९ रुपयांत ५ जीबी.

वाचता आल्या म्हणालो खरा, पण पहिल्या फोटोत ५०९च्या ओळीवर नेमकी चकाकी होती. मुदत ८४ आहे की ६४, ते कळत नव्हतं. खालच्या पट्टीतल्या दोन ओळींची मुदत कडेला कापली गेली होती आणि तळाची बारीक अक्षरांची ओळ फोटोत आलीच नव्हती. अशा वेळी अंदाज करायचा नाही. वीस दिवसांच्या फरकाने सगळा हिशोब उलटतो. मी मावशीला परत पाठवलं, "दुकानासमोर सरळ उभी राहा, ट्यूब पाठीमागे येईल अशी नको, आणि तळाच्या बारीक अक्षरांचा जवळून वेगळा फोटो काढ." दुसऱ्या फोटोत ८४ स्पष्ट दिसलं. ७९ रुपयांच्या ओळीपुढे 'सध्याच्या प्लॅनइतकी मुदत' असं होतं आणि २९च्या ओळीपुढे '१ दिवस'.

या दोन ओळी म्हणजे डेटा व्हाउचर. तक्त्यात सगळ्यात स्वस्त दिसतात म्हणून नवखा माणूस तिथेच बोट ठेवतो. पण त्यांना स्वतःची सेवा-मुदत नसते. आधीचा प्लॅन चालू असेल तरच ते उपयोगी पडतात, आणि त्यांनी प्लॅन एका दिवसानेही वाढत नाही. एक दिवसाचं व्हाउचर तर अनेकदा त्याच रात्री बारा वाजता संपतं. रात्री अकराला मारलं तर तासभरच मिळालं.

जीबीच्या रकान्यात 'रोज' आहे की 'एकूण', हे बघणं सर्वांत महत्त्वाचं. रोज १.५ जीबी गुणिले ८४ म्हणजे १२६ जीबी. कागदावर आकडा मोठा दिसतो. पण मावशी सोमवारी पन्नास एमबी वापरते तेव्हा त्या दिवसाचा उरलेला सगळा डेटा मध्यरात्री जातो. काही कंपन्या काही प्लॅनमध्ये तो शनिवार-रविवारसाठी राखून ठेवतात, पण तसं लिहिलेलं असलं तरच. म्हणून दुकानदाराचा युक्तिवाद, "८५९मध्ये जीबीमागे सात रुपयेसुद्धा पडत नाहीत, ५०९मध्ये पंच्याऐंशी पडतात," गणिताने बरोबर असूनही मावशीच्या कामाचा नव्हता. जो डेटा वापरलाच जाणार नाही त्याचा भाव काढून काय करायचं? दुकानदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे येणारी बहुतेक पोरं रोज दीड जीबी संपवणारी असतात, त्यांना तो हाच प्लॅन देतो आणि त्यांच्यासाठी तो बरोबरही आहे.

मी सगळे पर्याय एकाच मुदतीवर आणले, कारण २८ आणि ८४ दिवसांची किंमत शेजारी ठेवून काही कळत नाही. ८४ म्हणजे बरोबर तीन वेळा २८. मावशीची गरज ८४ दिवसांत साधारण साडेदहा जीबी. १९९चा प्लॅन तीनदा मारला तर ५९७ रुपये आणि ६ जीबी, म्हणजे डेटा कमी. २९९ तीनदा म्हणजे ८९७. तो तर दुकानदाराच्या ८५९पेक्षाही महाग आणि त्याहून कमी डेटाचा. ५०९ एकदा मारला तर ६ जीबी, त्यावर गरज पडेल तेव्हा ७९चं एक व्हाउचर. झाले ५८८ रुपये आणि ११ जीबी. तेही अपुरं पडलं आणि दुसरं व्हाउचर घ्यावं लागलं तरी ६६७. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा १९२ रुपये कमीच.

डेटा नसलेल्या ४६९च्या प्लॅनचाही विचार केला. मावशीला साडेदहा जीबी लागतात, म्हणजे ७९ची तीन व्हाउचरं, एकूण ७०६ रुपये. ५०९चा प्लॅन चाळीसच रुपये महाग आहे आणि त्यात ६ जीबी मिळतात, तेव्हा इथे प्रश्न मिटला. पण तिच्या शेजारच्या आजोबांकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यांच्यासाठी ४६९चाच योग्य. असे फक्त कॉल-एसएमएसचे रिचार्ज कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत, असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये केला. भिंतीवरच्या तक्त्यात ते सहसा खालच्या कोपऱ्यात असतात किंवा नसतातच. त्यामुळे तोंडाने मागावे लागतात. त्याआधी, जानेवारी २०२२मध्ये, ट्रायने ३० दिवसांचे आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारे रिचार्ज ठेवायलाही कंपन्यांना सांगितलं होतं. ज्यांचं पेन्शन एक तारखेला येतं त्यांना ते सोयीचं पडतं, कारण २८ दिवसांच्या हिशोबात वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात आणि तारीख दर महिन्याला मागे सरकत राहते.

तळाच्या बारीक ओळीने आणखी एक गोष्ट सांगितली. रोजच्या कोट्याच्या प्लॅनमध्ये दिवसाचा कोटा संपला की इंटरनेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. मजकूर जातो, फोटो रखडतो, व्हिडिओ कॉल विसरायचा. एकूण कोट्याच्या प्लॅनमध्ये मात्र डेटा संपल्यावर एमबीला ५० पैसे, मुख्य शिलकीतून. शिल्लक शून्य असेल तर डेटा थांबतो, एवढंच. पण कुणी सहज शंभर रुपयांचा टॉकटाइम टाकून ठेवला असेल तर रविवारचा एक कॉल तो सगळा गिळेल. मावशीला मी सांगितलं, टॉकटाइम टाकू नकोस, आणि डेटा संपत आल्याचा मेसेज आला की मला फोन कर.

हाच तक्ता तिच्या नातवाला दिला असता तर उत्तर उलट आलं असतं. तो रोज सातारा ते कोरेगाव एसटीने येतो-जातो, लेक्चर मोबाइलवर बघतो, रोजचा वापर १.२ ते १.४ जीबी. त्याला ६ जीबी पाच दिवसही पुरणार नाहीत. त्याला ८५९, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी जास्त लागला तर सकाळीच २९चं व्हाउचर. फाइव्ह-जीचा अमर्याद डेटा तक्त्यात लिहिलेला असतो तो त्याला मोहात पाडतो, पण त्यासाठी फाइव्ह-जीचा फोन, गावात त्याच कंपनीचं फाइव्ह-जी आणि बऱ्याचदा रोज २ जीबी किंवा त्यावरचा प्लॅन, असं तिन्ही लागतं.

फोटो कुठल्या दुकानातला आहे हेही बघावं. दूरसंचार खात्याच्या हिशोबात मुंबई वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. काही ऑफर सर्कलप्रमाणे बदलतात. दादरच्या दुकानातला तक्ता कोरेगावच्या नंबराला जसाच्या तसा लागू असेल, असं धरू नये. शंका आली तर ट्रायच्या tariff.trai.gov.in या संकेतस्थळावर कंपनी आणि सर्कल निवडून दर ताडून बघता येतात.

मावशीने ५०९ मारला. सातव्या आठवड्यात डेटा संपत आल्याचा मेसेज आला, तेव्हा ७९चं व्हाउचर घेतलं. चौऱ्याऐंशीव्या दिवशी तिच्या खात्यात ४०० एमबी शिल्लक होते आणि खर्च ५८८ रुपये. पुढचा तक्ता पाठवताना तिने तळाची ओळ न सांगता वेगळी काढून पाठवली. तुमच्या घरच्यांनाही एवढंच सांगा : फोटो दोन काढा, एक सरळ समोरून अख्ख्या तक्त्याचा, एक तळाच्या बारीक अक्षरांचा, आणि सोबत महिन्याचा व एका दिवसाचा असे डेटाचे दोन आकडे लिहून पाठवा.