पहिल्या फोनच्या आधीचा मेसेज

कुणी आवडलं की आपण त्याची खोडी काढतो, चिडवतो, सूचक काहीतरी बोलून बघतो. या सगळ्यात वेळ फार महत्त्वाची. बोलणं ओठांवर आल्या क्षणी बाहेर पडलं तरच त्यात मजा असते. बोलताना अडखळणाऱ्या माणसाची नेमकी इथेच कोंडी होते. मनात वाक्य तयार असतं, पण पहिल्याच अक्षरावर घसा आवळला जातो, आवाज फुटत नाही, आणि तो फुटेपर्यंत समोरचं माणूस पुढच्या विषयावर गेलेलं असतं. प्रौढांमध्ये साधारण शंभरात एक जण असा अडखळतो. त्यांत पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या सुमारे चौपट आहे.

अडखळण्याचे तीन प्रकार कानाला कळतात: अक्षर पुन्हा पुन्हा येणं, लांबणं किंवा पूर्ण अडकणं. चौथी गोष्ट मात्र ऐकू येत नाही, ती म्हणजे शब्द बदलणं. अवघड अक्षर समोर दिसलं की अनेक जण ऐन वेळी दुसरा शब्द घेतात. ज्याला ‘च’ जड जातो तो चहा मागायच्या ऐवजी कॉफी मागतो. नावाला मात्र पर्याय नसतो, म्हणून स्वतःचं किंवा आवडत्या व्यक्तीचं नाव घेणं सर्वांत कठीण जातं. दुकानात ही शब्दांची अदलाबदल चालून जाते. फ्लर्टिंगमध्ये चालत नाही, कारण तिथे सगळी गंमत नेमक्या शब्दात असते.

समजा, राजगडच्या ट्रेकला एका मुलाची एका मुलीशी ओळख झाली. त्याला ‘च’ जड जातो. दिवसभरात तो तिच्याशी जेमतेम चार वाक्यं बोलला. घरी आल्यावर ग्रुपमधून तिचा नंबर थेट उचलण्याऐवजी त्याने ग्रुपवरच तिला ‘तुला मेसेज केला तर चालेल का?’ असं विचारलं. ती हो म्हणाली. मग त्याने लिहिलं, ‘सुवेळा माचीवर नेढ्यात सगळे फोटो काढत होते, तेव्हा माझ्या डब्यातली शेवटची चकली गायब झाली. संशयित एकच आहे.’ तिचं उत्तर आलं, ‘पुरावा?’ तो म्हणाला, ‘रिकामा डबा हजर करतो.’ तिने विचारलं, ‘आणि दंड?’ त्याने लिहिलं, ‘एक कटिंग. टपरी तू निवड.’

हाच विनोद त्याला गडावर तोंडी करायचा असता, तर ‘चकली’ टाळून तो ‘खाऊ’ म्हणाला असता आणि त्यातली खुमारीच गेली असती. लिहिताना त्याला मनातला पहिला शब्द वापरता आला. लेखनाचं खरं बळ हेच आहे. घाईचं दडपण नसतं, त्यामुळे पर्यायी शब्दाआड लपावं लागत नाही. ज्यांना अडखळण्याचा त्रास नाही, पण चारचौघांत बोलायला संकोच वाटतो, त्यांनाही ही मोकळीक तितकीच उपयोगी पडते.

त्या मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट साधली आहे. तो दोघांनी मिळून घालवलेल्या दिवसाबद्दल आहे, आरोप लटका आहे आणि उत्तर देणं सोपं आहे. ‘तू फार छान दिसतेस’ असं सुरुवातीलाच लिहिलं, तर पलीकडच्या व्यक्तीला ‘थँक्स’ म्हणण्यापलीकडे जागा उरत नाही. इथे तिला खेळात उतरायला जागा मिळाली, आणि टपरी तिनेच निवडायची असल्यामुळे नाही म्हणायलाही वाट राहिली. उत्तरं एकेका शब्दाची येऊ लागली, उलट प्रश्न येईनासा झाला, दोन मेसेज अनुत्तरित राहिले, तर तिला रस नाही असं समजावं आणि थांबावं. लिहिता चांगलं येतं म्हणून तिसरा मेसेज पाठवण्याचा हक्क मिळत नाही.

धोका पुढे येतो, तोही सगळं छान चाललेलं असताना. मेसेजमधल्या संवादाचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये एक मांडणी केली. लिहिताना माणूस स्वतःचा निवडक, घासूनपुसून घेतलेला भाग समोर ठेवतो, आणि वाचणारा उरलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरतो. त्यामुळे लिखित ओळख कधी कधी प्रत्यक्ष ओळखीपेक्षाही जवळची वाटते. आपल्या ट्रेकवाल्या मुलाच्या बाबतीत ती मुलगी कोणता आवाज कल्पील? तल्लख, झटपट उत्तर देणारा. महिनाभर त्याने तो समज तसाच राहू दिला, तर पहिला फोन त्याला परीक्षेसारखा वाटू लागेल.

मग सबबी सुरू होतात. ‘नेटवर्क नाही’, ‘मीटिंगमध्ये आहे’, ‘घरी सगळे आहेत’. व्हॉइस नोट दहादा रेकॉर्ड करून त्यातली न अडखळलेली तेवढी पाठवली जाते. लेखन आता आधार न राहता लपण्याची जागा झालंय, हे इथे ओळखावं. टाळलेल्या प्रत्येक फोनने त्या क्षणी सुटका होते आणि पुढच्या फोनची धास्ती वाढते. म्हणूनच अडखळण्यावरच्या उपचारात स्पीच थेरपिस्ट उच्चारांइतकंच टाळाटाळ कमी करण्यावर काम करतात.

यातून बाहेर काढणारं साधनही लेखनच आहे. गप्पा रंगल्यानंतर, पण पहिला फोन होण्याआधी, अडखळण्याची गोष्ट लिहून सांगावी. ती सांगायची कशी, यावर अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात कोर्टनी बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आहे. मी अडखळतो हे सुरुवातीलाच साधेपणाने, माहिती म्हणून सांगणाऱ्या वक्त्यांविषयी ऐकणाऱ्यांचं मत काहीच न सांगणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. माफी मागत सांगितल्यावर तसा फायदा दिसला नाही. म्हणून ‘सॉरी, मला नीट बोलता येत नाही, तुला कंटाळा येईल’ असं लिहू नये. त्या मुलाने असं लिहावं: ‘उद्या फोन करू या. एक सांगतो, मी बोलताना अडखळतो. मध्येच आवाज थांबला तर फोन कट झालेला नसेल, मी शब्दावर अडकलेलो असेन. वाक्य माझं मला पुरं करू दे. काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचार.’

या चार-पाच वाक्यांत तिला लागणारी सगळी माहिती आहे. काय होतं, ते कसं ओळखायचं आणि तेव्हा तिने काय करायचं. अनेक लोक मदत म्हणून समोरच्याचा शब्द पुरा करतात, आणि अडखळणाऱ्या अनेकांना त्याचा त्रास होतो. हे आधी सांगितलं की दोघांचाही अवघडलेपणा कमी होतो. अनेकांना साध्या फोनपेक्षा व्हिडिओ कॉल सोपा जातो, कारण थांबल्यावरही चेहरा दिसत राहतो. पहिला कॉल दहा मिनिटांचा ठेवावा, आणि अडखळायला झालं तर अडखळावं. ते लपवण्याची धडपड अडखळण्यापेक्षा जास्त दमवते.

मेसेज हा उपचार नव्हे. त्याने बोलण्यातला अडथळा जात नाही. त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे जावं. मुंबईत वांद्र्याला वाणी आणि श्रवण दोषांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अडखळणाऱ्यांनीच एकमेकांसाठी उभी केलेली द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन स्वमदत गट चालवते. तिथे याच प्रश्नाशी झगडणारी माणसं भेटतात.

तुम्हाला लिहिता येत असेल, तर मोकळेपणाने खोड्या काढा, नेमका शब्द वापरा, समोरच्याला हसवा. फक्त पहिल्या फोनच्या आधी तो एक मेसेज पाठवायला विसरू नका. तो वाचून कुणी दूर गेलं, तर पुढचे कित्येक महिने लपण्याचा खटाटोप वाचला. आणि जे माणूस थांबलं, ते तुमचं वाक्य संपेपर्यंत थांबेल अशी आशा ठेवायला जागा आहे.