दोनदा पाय, एकदा टाळी

१९७७ साली इंग्लंडमधल्या बिंग्ली हॉलमध्ये ‘क्वीन’ या बँडचा कार्यक्रम संपला, तरी प्रेक्षक हलेनात. ते एकसुरात गातच राहिले. गर्दीत खेटून उभ्या माणसाला करता येण्याजोगं काय असतं, असा विचार गिटारवादक ब्रायन मे करू लागला. पाय आपटणं, टाळी वाजवणं आणि गाणं, एवढंच! त्यातून ‘वुई विल रॉक यू’ जन्मलं: धप, धप, टाळी आणि चौथी मात्रा रिकामी.

शाळेच्या क्रीडादिनात संघाची घोषणा बसवताना मुलं हाच ठेका उचलतात आणि नेमकी ती रिकामी मात्राच खातात. जोश चढला की थांबायला कुणाला जमतं? मग ठेका पळू लागतो आणि मिनिटाभरात त्याचा नुसता गलका होतो. म्हणून त्या मात्रेत काहीतरी भरून ठेवावं.

समजा, संघाचं नाव तोरणा आहे. म्होरक्या विचारतो, ‘कोण-ता-गड?’ त्यातले दोन तुकडे दोन धपांवर आणि ‘गड’ टाळीवर. उत्तरात सगळे ‘तोर’ दोन धपांवर ओढतात, टाळीवर ‘णा’ येतो आणि तो ‘आ’ रिकाम्या मात्रेवर लांबतो. तोंड त्या ‘आ’त अडकलेलं असल्यामुळे पुढचा धप लवकर पडत नाही. शिवाय लांब ‘आ’ मैदानापलीकडेही पोचतो. ‘प्रतापगड’मधला शेवटचा ‘ड’ मात्र वाऱ्यावर जातो. सवाल-जवाब मिळून तीन सेकंद लागावेत. घड्याळ लावून बघावं, कारण तालमीत बरोबर बसलेला वेग शर्यतीच्या दिवशी हमखास वाढतो.

उभं राहण्याची जागाही महत्त्वाची. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. संघ ३४ मीटर लांब एका रांगेत उभा केला, तर एका टोकाची टाळी दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उशिरा पोचते. एक मात्रा जेमतेम पाऊण-अर्ध्या सेकंदाच्याही आतली, सुमारे ०.३७ सेकंदाची. कानाने ताल धरणारी मुलं मग मागेच पडतात. त्यांना पाच-सहा ओळींत दाटीने उभं करावं आणि ताल कानाने नव्हे, समोर उभ्या म्होरक्याच्या वर-खाली होणाऱ्या हाताकडे बघून धरायला सांगावं.

आणखी एक अडचण मातीची. क्वीनने ध्वनिमुद्रणाच्या वेळी लाकडी फळ्यांवर पाय आपटले होते. आपल्या मैदानावर कॅनव्हासच्या बुटांचा धप मातीच गिळते. सिमेंटच्या पायऱ्यांवरही तो फारसा घुमत नाही. त्यापेक्षा मांडीवर थाप मारावी किंवा म्होरक्याशेजारी एक ढोल ठेवावा. खरी परीक्षा पलीकडच्या कडेला उभं राहून ऐकण्याची: ‘तोरणा’ वेगळं कळलं नाही, तर वेग कमी करावा.

आणि स्टार्टरने ‘ऑन युअर मार्क’ म्हटलं की म्होरक्याने मूठ मिटून वर धरावी, सगळ्यांनी तिथेच थांबावं. धावपटूला पिस्तुलाचा आवाज ऐकू यायला हवा.