एक आई, तीन पिल्लं, दोन तऱ्हेचं दूध

ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशात राहणारी तांबड्या कांगारूची मादी उभी राहिली तर माणसाच्या छातीला लागते. तिचं नवजात पिल्लू मात्र एका शेंगदाण्याच्या वजनाचं, ग्रॅमभरही भरत नाही. गाभण राहिल्यापासून अवघ्या 33 दिवसांत ते बाहेर येतं. डोळे मिटलेले, अंगावर एक केस नाही आणि पुढे ज्या पायांवर ते लांबच लांब उड्या मारणार, त्यांच्या जागी नुसते कोंब.

इतकी घाई का? गाय किंवा माणूस यांच्यात वार महिनोन् महिने गर्भाला पोसते. कांगारूच्या गर्भाशयात भ्रूणाची वार खऱ्या अर्थाने काम करते ती शेवटचे थोडेच दिवस. वाढीचं उरलेलं जवळजवळ सगळं काम दुधावर सोपवलेलं असतं. कांगारू, वॉलबी, वोम्बॅट, कोआला या साऱ्या शिशुधान प्राण्यांची हीच रीत आहे.

वीत जवळ आली की मादी पिशवी आतून चाटून स्वच्छ करते. मग झाडाला किंवा खडकाला पाठ टेकून, शेपटी पुढे घेऊन बसते. पिल्लू बाहेर पडतं आणि लगेच आईच्या पोटावरचे केस धरून वर सरकू लागतं. त्याचे पुढचे पाय मात्र चांगले मजबूत असतात आणि त्यांना नख्याही असतात. एक हात पुढे, मग दुसरा, असं करत ते साधारण तीन ते पाच मिनिटांत पिशवीत पोहोचतं. आई त्याला उचलत नाही. आईच्या जिभेने केसांत ओली वाट तयार होते आणि पिल्लू तिच्यावरून जातं, असं पूर्वी मानत. पण ती फक्त अंगावरचा स्राव चाटून साफ करत असते; वर पोहोचणं हे सर्वस्वी पिल्लाचं काम. खाली पडलेलं पिल्लू बहुधा मरतंच.

पिशवीत चार सड असतात. पिल्लू एक तोंडात धरतं, सडाचं टोक त्याच्या तोंडात फुगतं आणि दोघं घट्ट जोडले जातात. पुढचे जवळपास 70 दिवस ते सड सोडत नाही. 1629 साली ‘बटाविया’ जहाज फुटल्यावर पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटांवर डच अधिकारी फ्रान्सिस्को पेल्सार्ट यांनी वॉलबीची अशी सडाला चिकटलेली पिल्लं पाहिली. ती सडातूनच उगवतात, असं त्यांना वाटलं. समोर दिसत होतं ते पाहता त्यांचा समज स्वाभाविकच होता.

पिशवीतली ऊब पिल्लाला जगवते, कारण स्वतःचं अंग गरम ठेवणं त्याला कित्येक महिने जमत नाही. रोगांशी झुंजण्याची ताकदही सुरुवातीला आईच्या दुधातूनच मिळते. साधारण पाच महिन्यांनी ते डोकं बाहेर काढतं, सहा महिन्यांनंतर थोडा वेळ बाहेर उतरतं आणि आठव्या महिन्याच्या सुमारास पिशवी कायमची सोडतं. दूध तुटायला मात्र वर्ष लागतं.

खरी कमाल पुढे आहे. व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांतच मादी पुन्हा माजावर येते आणि गाभण राहते. हा नवा भ्रूण शंभरेक पेशींचा झाला की थांबतो. पिशवीतलं पिल्लू सतत लुचत असतं, आणि त्या लुचण्यानेच आईच्या शरीरात भ्रूणाची वाढ रोखणारी संप्रेरकं वाहत राहतात. पिल्लू मोठं होऊन कमी लुचू लागलं की भ्रूण पुन्हा वाढू लागतो. म्हणूनच मोठं पिल्लू पिशवी रिकामी करतं, त्यानंतर एक-दोन दिवसांतच धाकटं जन्मतं.

आता एकाच मादीवर तीन अपत्यं अवलंबून असतात: बाहेर उड्या मारणारं मोठं, पिशवीतलं धाकटं आणि गर्भाशयात थांबलेला भ्रूण. मोठं पिल्लू पिशवीत तोंड घालून आपल्या जुन्या, लांब झालेल्या सडातून स्निग्धांशाने दाट दूध पितं. शेजारच्याच सडातून धाकट्याला पातळ, शर्करा जास्त असलेलं दूध मिळतं. दोन्ही ग्रंथींना रक्त एकच, तरी प्रत्येक ग्रंथी आपापल्या वेळापत्रकाने चालते.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. मोठा दुष्काळ पडला की दूध आटतं आणि पिशवीतलं पिल्लू मरतं. लुचणं थांबताच राखीव भ्रूण वाढू लागतो आणि महिन्याभरात त्याची जागा घेतो. पाऊस आला तर ते जगतं. कोरड फारच लांबली, तर मादी माजावर येणंच थांबवते.

ऑस्ट्रेलियात रस्त्यावर गाडीची धडक बसून मेलेल्या मादीच्या पिशवीत पिल्लू जिवंत सापडू शकतं. तिथे राहणाऱ्या वाचकांनी असं पिल्लू दिसलं तर ते सडापासून ओढून काढू नये, त्याचं तोंड फाटतं. गाईचं दूधही पाजू नये, त्यातली दुग्धशर्करा त्याला पचत नाही. त्याला ऊब द्यावी आणि स्थानिक वन्यजीव बचाव पथकाला लगेच फोन करावा.