सहा मिलिमीटरची पायरी

बारावीच्या रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक आकृती मला वर्षानुवर्षे भेटत आली आहे. एक मोठी टेकडी, तिच्या पोटात तुटक रेषेने काढलेली लहान टेकडी आणि शेजारी लिहिलेलं ‘उत्प्रेरकासह’. इथवर सगळं बरोबर असतं. पण लहान टेकडी उतरताना ती तुटक रेषा मोठीच्या पायथ्याशी येऊन थांबत नाही, आणखी थोडी खाली घसरते आणि तिथे दुसरीच आडवी रेषा होऊन बसते. मुलाला वाटतं, उत्प्रेरक ऊर्जा कमी करतो, म्हणजे सगळीकडेच करत असणार. त्या एका घसरलेल्या रेषेने त्याने नकळत असं लिहिलेलं असतं की, उत्प्रेरक घातला की तयार होणारा पदार्थच बदलतो.

हा घोळ शब्दांनी सुटत नाही, मोजपट्टीने सुटतो. म्हणून मी मुलांना आलेखाचा कागद घ्यायला लावते आणि एकच अभिक्रिया खऱ्या आकड्यांनिशी काढायला सांगते. हायड्रोजन आयोडाइड हा रंगहीन वायू तापवला की त्याचे हायड्रोजन आणि आयोडीन होतात, आणि तेच दोघे पुन्हा जुळून हायड्रोजन आयोडाइडही होतो:

2HI ⇌ H₂ + I₂

ही अभिक्रिया नुसती तापवून घडवायची तर सक्रियण ऊर्जा लागते मोलमागे सुमारे १८४ किलोज्यूल. सोन्याच्या पृष्ठभागावर तीच अभिक्रिया सुमारे १०५ मध्ये होते. आणि हायड्रोजन आयोडाइडपासून निघून हायड्रोजन व आयोडीनच्या वाफेपर्यंत पोचताना एन्थाल्पी वाढते ती जेमतेम १२ किलोज्यूलने. बंद भांडं साधारण ४४५ अंश सेल्सिअसला ठेवलेलं आहे असं धरू.

आता प्रमाण ठरवायचं: १ सेंटीमीटर म्हणजे २० किलोज्यूल. डावीकडे हायड्रोजन आयोडाइडची आडवी रेषा काढायची. ती खालच्या अक्षाला चिकटवायची नाही, दोन-तीन सेंटीमीटर वर कुठेही घ्यायची. पदार्थाची एन्थाल्पी शून्यापासून मोजता येत नाही, फक्त फरक मोजता येतो, त्यामुळे ही उंची आपल्या सोयीची. उजवीकडची रेषा या रेषेहून १२ किलोज्यूल वर, म्हणजे फक्त ६ मिलिमीटर. मुलं इथे थबकतात. पुस्तकातल्या आकृतीत पायरी ठळक दिसते, इथे ती पेन्सिलीच्या दोन-चार फटकाऱ्यांएवढी. मग टेकडीचा माथा डाव्या रेषेपासून ९.२ सेंटीमीटरवर. सोन्यासह जाणाऱ्या वाटेचा माथा ५.२५ सेंटीमीटरवर. दोन्ही वक्र एकाच डाव्या रेषेवरून निघतात आणि एकाच उजव्या रेषेवर उतरतात.

सक्रियण ऊर्जेचा बाण काढताना दुसरी चूक होते. बरीच मुलं बाण खालच्या अक्षापासून माथ्यापर्यंत नेतात. बाण निघायला हवा तो डाव्या रेषेवरून, कारण रेणू तिथे उभे आहेत आणि चढ त्यांना तिथून चढायचा आहे. १२ किलोज्यूलचा छोटा बाण डाव्या रेषेच्या पातळीपासून उजव्या रेषेपर्यंत. त्याला माथ्याशी काही देणंघेणं नाही. खिंड खोदली तर घाट सोपा होतो, अलीकडच्या-पलीकडच्या गावांची उंची मात्र तीच राहते.

मग मी कागद उलटीकडून वाचायला सांगते. हायड्रोजन आणि आयोडीन उजवीकडे उभे आहेत, त्यांना डावीकडे यायचंय. त्यांचा चढ किती? नुसत्या वाटेने ८.६ सेंटीमीटर, म्हणजे १७२ किलोज्यूल. सोन्याच्या वाटेने ४.६५ सेंटीमीटर, म्हणजे ९३. जातानाचा चढ १८४ वरून १०५ वर आला, येतानाचा १७२ वरून ९३ वर. दोन्हीकडे कपात नेमकी ७९. माथा एकच आहे, तो खाली आला की दोन्ही उतारांवरून तेवढाच खाली येणार. एका बाजूचा चढ कमी करून दुसरीचा तसाच ठेवायचा तर पायथा हलवावा लागेल, आणि पायथा उत्प्रेरकाच्या हातात नाही.

समतोल का हलत नाही हे इथेच दिसतं. ४४५ अंशांना ७९ किलोज्यूलची कपात म्हणजे, बाकी सगळं सारखं धरलं तर, वेगात साधारण साडेपाच लाख पटींची वाढ. पण ती जाणाऱ्यांनाही मिळते आणि येणाऱ्यांनाही. समतोल म्हणजे दोन्ही वेग सारखे होतात ती अवस्था. दोन्ही वेगांना एकाच आकड्याने गुणलं तर ते जिथे जुळत होते तिथेच जुळतात, फक्त तिथवर पोचायला वेळ कमी लागतो.

माक्स बोडेनस्टाइन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हा समतोल काचेच्या बंद फुग्यांमध्ये मोजला. काही फुग्यांत सुरुवातीला हायड्रोजन आयोडाइड, काहींत हायड्रोजन आणि आयोडीन. दोन्हीकडून सुरुवात करून मिश्रण एकाच ठिकाणी येऊन थांबतं. या तापमानाला शंभरातले सुमारे २२ रेणू फुटलेले असतात, उरलेले ७८ शाबूत. आयोडीनची वाफ जांभळी असते, त्यामुळे फुटलेल्यांचं प्रमाण रंगातही दिसतं.

आकृतीच्या मर्यादाही मी त्याच तासाला सांगते, नाहीतर मुलं तिच्यावर जास्तच विश्वास टाकतात. आडवा अक्ष वेळ दाखवत नाही. जुने बंध तुटून नवे जुळण्याच्या वाटेवर रेणू कुठवर आलेत, एवढंच तो सांगतो. वक्र रुंद काढला म्हणून अभिक्रिया संथ होत नाही. शिवाय सोन्यासाठी काढलेला एक गुळगुळीत माथा ही आपली सवलत आहे. खरं तर रेणू आधी धातूला चिकटतात, तिथे बंध सुटतात, मग नवे रेणू पृष्ठभाग सोडतात. प्रत्येक टप्प्याला स्वतःचा उंचवटा असतो आणि १०५ हा आकडा त्या साऱ्या वाटेचा प्रयोगात दिसणारा हिशेब आहे.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा त्या ६ मिलिमीटरच्या पायरीची. एकट्या १२ किलोज्यूलवरून समतोल काढायला गेलात तर उत्तर चुकतं, २२ टक्के येत नाहीत. समतोल कुठे बसेल हे एन्थाल्पीबरोबर एन्ट्रॉपीही ठरवते, आणि एन्ट्रॉपी या कागदावर कुठेच नाही. म्हणून ‘पायरी तीच, म्हणून समतोल तोच’ असं लिहिणाऱ्या मुलाला मी अर्धेच गुण देते. उत्प्रेरक अभिक्रियेच्या शेवटी जसा होता तसा परत मिळतो, त्यामुळे दोन टोकांमधल्या एन्थाल्पीच्या फरकात तो येत नाही आणि एन्ट्रॉपीच्या फरकातही नाही. पुरं उत्तर हे आहे.

शेवटी मी दोन फुगे डोळ्यांपुढे आणायला सांगते. दोन्हींत तेवढाच हायड्रोजन आयोडाइड, दोन्ही ४४५ अंशांना, एकात सोन्याची तार. तारेचा फुगा आधी जांभळा होऊ लागेल आणि दुसरा बराच मागे राहील. मग मुलांना विचारते: तारेचा फुगा एका छटेवर स्थिर झालाय, दुसऱ्याचा रंग अजून चढतोच आहे, तो कुठे थांबेल? कागदावर माथ्यांमध्ये चार सेंटीमीटरचा फरक दिसत असतानाही बहुतेक मुलं आता बोट उजवीकडच्या त्या एकाच रेषेवर ठेवतात आणि म्हणतात, ‘त्याच जांभळ्यावर.’