अर्ध्या महिन्याचा पगार : भागायचे कितीने?

महिन्याच्या मध्येच नोकरीवर रुजू होणाऱ्या किंवा नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या महिन्याचा किती पगार द्यावा, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. जितके दिवस काम, तितका पगार. मात्र एका दिवसाचा पगार म्हणजे किती, हे ठरविण्यासाठी मासिक पगाराला कितीने भागायचे, येथे मतभेद सुरू होतो. कोणी महिन्याच्या एकूण दिवसांनी भागतो, कोणी कामाच्या दिवसांनी, कोणी सरसकट ३० ने, तर कोणी २६ ने. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते आणि त्यातील फरक कर्मचाऱ्याच्या खिशातून तरी जातो किंवा मालकाच्या.

नांदेड जिल्ह्यातील किनवट हे तेलंगणाच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, शासकीय शाळा आहेत आणि बाजारपेठही आहे. त्यामुळे दोन्ही पद्धती एकाच गावात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. शासकीय कार्यालयात महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागण्याची रीत आहे. रविवारची आणि सणाची सुटीही त्यात मोजली जाते. दुकानदाराचा हिशेब मात्र बहुधा हजेरीपटावरून, म्हणजे कामाच्या दिवसांवरून होतो.

एक उदाहरण

किनवटच्या बाजारातील एका कापड दुकानाची कल्पना करू. हिशेबनीसाचा मासिक पगार १६,८०० रुपये आणि साप्ताहिक सुटी रविवारची. महिना फेब्रुवारी २०२६ चा घेऊ. या महिन्याचे दिवस २८, रविवार चार (१, ८, १५ आणि २२ तारखेचे) आणि कामाचे दिवस २४. जुना हिशेबनीस शनिवारी, १४ तारखेला काम सोडतो आणि नवा सोमवारी, १६ तारखेला रुजू होतो.

एकूण दिवसांनी भागल्यास दिवसाचा दर ६०० रुपये येतो. जुन्याचे १४ दिवस, म्हणून त्याला ८,४०० रुपये. नव्याचे १३ दिवस, म्हणून त्याला ७,८०० रुपये. दोघांची बेरीज १६,२०० रुपये होते. पद एक दिवसही रिकामे नव्हते, तरी ६०० रुपये कमी पडले. ते गेले कोठे? मधला रविवार, १५ तारीख, कोणाच्याच नावावर लागला नाही.

कामाच्या दिवसांनी भागल्यास दर ७०० रुपये येतो. दोघांनीही प्रत्येकी १२ दिवस काम केले. दोघांना ८,४०० रुपये मिळाले आणि बेरीज बरोबर १६,८०० रुपये झाली.

यावरून कामाच्या दिवसांची पद्धत नेहमीच कर्मचाऱ्याच्या हिताची, असा निष्कर्ष काढू नये. नवा हिशेबनीस १५ तारखेच्या रविवारपासून सेवेत धरला असता, तर पहिल्या पद्धतीनेही त्याला ८,४०० रुपयेच मिळाले असते. तेव्हा प्रश्न पद्धतीइतकाच तारखेचाही आहे. एकूण दिवस मोजणाऱ्या आस्थापनेत सेवेचा शेवटचा दिवस शनिवार की रविवार, हे कार्यमुक्तीच्या पत्रात स्पष्ट लिहिलेले असावे. सहा दिवस काम करून जी साप्ताहिक सुटी मिळते, ती शनिवारची तारीख घातल्याने हातची जाते.

खरी चूक कोठे होते?

वरील दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. घोटाळा होतो तो त्यांची सरमिसळ केल्याने. दर काढताना २८ ने भागायचे आणि दिवस मोजताना मात्र रविवार वगळायचे, हा प्रकार सर्रास आढळतो. आपल्या उदाहरणात नव्या हिशेबनीसाला असे केल्यास १२ दिवसांचे, ६०० च्या दराने, ७,२०० रुपये मिळतील. एकूण दिवसांच्या हिशेबापेक्षा ६०० आणि कामाच्या दिवसांच्या हिशेबापेक्षा १,२०० रुपये कमी. भागताना रविवार धरले असतील तर गुणतानाही धरले पाहिजेत. वगळले असतील तर दोन्हीकडे वगळले पाहिजेत. पगारी सुटीलाही हाच नियम. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त दुकान पगारी सुटीवर असेल, तर तो दिवस कामाच्या २४ दिवसांतही धरावा आणि कर्मचाऱ्याच्या १२ दिवसांतही.

सरसकट २६ ने भागण्याची सवय कोठून आली, हेही समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रातील किमान वेतनाच्या अधिसूचनांत मासिक दरावरून रोजंदारीचा दर काढण्यासाठी २६ चा भाजक दिलेला असतो. उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही हाच आकडा येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात तो उचित ठरविला आणि १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्यातच समाविष्ट झाला. परंतु या दोन्ही ठिकाणी सरासरी महिना अभिप्रेत आहे. एखाद्या विशिष्ट महिन्याचा तुटक पगार काढताना ही सरासरी दगा देते. फेब्रुवारी २०२६ मध्ये कामाचे दिवस २४ असल्याने २६ च्या भाजकाने आपल्या दोघा हिशेबनीसांना मिळून सुमारे १५,५०८ रुपयेच मिळतील. जवळजवळ १,२९२ रुपये कमी. उलट जानेवारी २०२६ मध्ये रविवार वगळून २७ दिवस होते. त्या महिन्यात २ तारखेला रुजू झालेल्यालाही २६ दिवसांचा, म्हणजे पूर्ण महिन्याचा पगार मिळाला असता.

ताळा करून पाहा

आपल्या कार्यालयाची पद्धत निर्दोष आहे की नाही, हे पाहण्याचा एक सोपा ताळा आहे. तेच सूत्र पूर्ण महिना काम केलेल्या कर्मचाऱ्याला लावून पाहावे. उत्तर पूर्ण पगाराइतके आले पाहिजे. कमी किंवा जास्त आले, तर भाजक आणि दिवस वेगवेगळ्या मापाने मोजले गेले आहेत, असे समजावे.

रुजू होणाऱ्या किंवा सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी अमुकच भाजक वापरा, असे कायदा सांगत नाही. ते नेमणुकीच्या अटींवर सोपविलेले आहे. मात्र गैरहजेरीच्या कपातीबाबत वेतन संहिता, २०१९ चे सूत्र मार्गदर्शक ठरते. जितका काळ काम करणे अटींनुसार आवश्यक होते, त्याच्याशी गैरहजेरीचे जे प्रमाण असेल, त्याहून अधिक प्रमाणात वेतन कापता येत नाही. याच संहितेनुसार काढून टाकलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावे लागते. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. एवढ्या थोड्या अवधीत भाजकावर वाद घालण्यास सवड नसते.

म्हणून नेमणूकपत्रातच एक वाक्य असावे : 'अपूर्ण महिन्याचे वेतन त्या महिन्याच्या एकूण दिवसांच्या प्रमाणात दिले जाईल', किंवा 'कामाच्या दिवसांच्या प्रमाणात दिले जाईल'. दोहोंपैकी कोणतेही चालेल, पण येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला तेच लागू असावे. पगारपत्रकावर रकमेसोबत मोजलेले दिवस आणि भाजक हे दोन आकडेही छापले, तर कर्मचाऱ्याला स्वतःचा हिशेब स्वतःच तपासता येईल.